रूट कॅनालमधील हायपोक्लोराइट: तीव्रता किती आणि सुई कुठे थांबते

रूट कॅनालचे उपचार चालू असताना मध्येच पोहण्याच्या तलावाजवळ येतो तसा वास येतो आणि रुग्ण हमखास विचारतो, ‘‘डॉक्टर, हे काय घातलेत?’’ तो वास सोडियम हायपोक्लोराइटचा असतो. दंतवैद्य आपसांत बोलताना त्याला नुसते ‘हायपो’ म्हणतात. पांढऱ्या कपड्यांवरचे डाग घालवण्याच्या ब्लीचमध्ये असते तेच हे रसायन. हे कळल्यावर काही रुग्ण दचकतात आणि त्यांचे दचकणे अगदीच अनाठायी म्हणता येत नाही, कारण दाताच्या आत ज्या गुणासाठी हायपो वापरतात तोच गुण, म्हणजे सेंद्रिय ऊती विरघळवण्याची क्षमता, ते चुकून मुळाच्या टोकाबाहेर गेले तर घातक ठरतो. म्हणून ते किती तीव्र घ्यावे आणि टोकाबाहेर जाऊ नये यासाठी नेमके काय करावे, हे दोन प्रश्न प्रत्येक दंतवैद्यापुढे असतात. माझ्या मते यांतल्या पहिल्या प्रश्नावर गरजेपेक्षा जास्त चर्चा होते आणि दुसऱ्यावर गरजेपेक्षा कमी.

आधी हायपो लागतेच का, ते पाहू. दाताच्या मुळात वरपासून टोकापर्यंत एक बारीक पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या व चेतातंतू असलेला मऊ गाभा, म्हणजे पल्प असतो. कीड तिथवर पोचली की हा गाभा सुजतो, मरतो आणि सडतो, व त्यात जिवाणू वस्ती करतात. ही पोकळी साफ करण्यासाठी फाईल नावाच्या बारीक, लवचीक धातूच्या कानशी वापरतात. सर्वसाधारण समज असा की फाईलने खरवडून पोकळी साफ होते आणि द्रव फक्त भुसा वाहून नेण्यापुरते असते. प्रत्यक्षात पोकळी ही गोल, सरळ नळी नसते. ती कुठे चपटी, कुठे लंबगोल असते, दोन पोकळ्यांना जोडणारी चिंचोळी फट मध्येच असते, आणि टोकाजवळ तिला बाजूचे फाटे फुटलेले असतात. सूक्ष्म सीटी स्कॅनने केलेल्या अभ्यासांत असे दिसले की उत्तम फाईल वापरूनही पोकळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग फाईलचा स्पर्श न होताच राहतो. त्या भागातील मृत ऊती आणि जिवाणूंचे थर काढायचे तर तिथवर पोचणारे आणि त्यांना विरघळवणारे काहीतरी हवे. ते काम द्रवच करू शकते.

सलाइनने भुसा वाहून जातो, पण ऊती विरघळत नाहीत. क्लोरहेक्सिडिन जिवाणू मारते, पण ऊतींना तेही विरघळवत नाही. हायपो दोन्ही करते. ते तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच साधारण ११ ते १२ असतो. त्यामुळे ऊतींमधील स्निग्ध पदार्थांचा जणू साबण होतो, आणि त्यातील क्लोरीन प्रथिनांच्या घटकांशी जोडले जाऊन त्यांची बांधणी मोडते. याच प्रक्रियेत जिवाणूंची विकरेही निकामी होतात. पण या प्रत्येक क्रियेत क्लोरीन खर्च होत जाते. पोकळीत भरलेले हायपो ऊतींशी भिडले की त्याचा जोर काही मिनिटांतच ओसरू लागतो आणि मागे राहते ते जवळपास खारट पाणी. तेव्हा ‘हायपो घातले’ एवढे म्हणणे पुरेसे नसते. ते सतत बदलावे लागते. तीव्रतेचा प्रश्न याच मुद्द्याशी येऊन मिळतो.

वैद्यकात हायपोची ओळख दातांच्या आधी जखमांमधून झाली. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन आणि अलेक्सिस कारेल यांनी फ्रान्समध्ये सैनिकांच्या सडलेल्या जखमा धुण्यासाठी सुमारे ०.५ टक्के हायपो वापरले. ते द्रावण मुद्दाम सौम्य केलेले होते, कारण ते उघड्या, जिवंत मांसावर पडणार होते. दाताच्या मुळातील पोकळीला मात्र भोवती कठीण भिंत आहे, म्हणून दंतवैद्यांना त्याहून तीव्र द्रावण वापरण्याची मोकळीक मिळाली आणि आज जगभर ०.५ टक्क्यापासून ६ टक्क्यांपर्यंत, कुठे त्याहूनही तीव्र, द्रावणे वापरली जातात. आपल्याकडे ३ टक्के आणि ५ टक्क्यांच्या आसपासच्या बाटल्या सहज मिळतात, आणि काही दवाखान्यांत त्यांत पाणी मिसळून सौम्य द्रावण करून ठेवण्याची पद्धत आहे.

यांतले कोणते बरे? तीव्र द्रावण ऊती लवकर विरघळवते, याबद्दल वाद नाही. पल्पचा तुकडा परीक्षानळीत टाकून ५ टक्के आणि १ टक्का ही द्रावणे शेजारी शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांना दिसतो. पण रुग्णाच्या दातात मोजला जाणारा परिणाम, म्हणजे मुळाच्या टोकाशी असलेला जंतुसंसर्ग बरा होतो की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत ०.५ टक्के हायपो साध्या सलाइनपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले, मात्र ०.५ आणि ५ टक्के यांच्यात जिवाणू नष्ट करण्याबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. हरियाणातील रोहतक येथे झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटाला १ टक्का आणि दुसऱ्याला ५ टक्के हायपो वापरण्यात आले. वर्षभरानंतर दोन्ही गटांतील दात बरे होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. याचा अर्थ तीव्रता निरर्थक आहे, असा मी काढत नाही. मी अर्थ असा लावतो की सौम्य द्रावणाची उणीव भरून काढता येते. त्यासाठी द्रावण जास्त वापरावे लागते, ते पुन्हा पुन्हा बदलावे लागते, त्याला अधिक वेळ द्यावा लागतो आणि पोकळीत ते ढवळावे लागते. थोडे गरम केले तर आणखी मदत होते. प्रयोगशाळेत ४५ अंश सेल्सियसला १ टक्का हायपोने पल्प विरघळवण्यात २० अंशांच्या ५.२५ टक्के हायपोची बरोबरी केली आहे. मात्र दातात गेलेले गरम द्रावण काही क्षणांतच शरीराच्या तापमानाला येते, त्यामुळे या युक्तीवर फार भिस्त ठेवू नये.

उलट बाजूनेही विचार हवा. तीव्र हायपो दीर्घकाळ ठेवले तर दातातील डेंटिनमधले कोलॅजेन नष्ट होते आणि दात किंचित ठिसूळ होतो. ते टोकाबाहेर गेले तर इजाही अधिक होते. म्हणून बहुतेक प्रौढ दातांसाठी २.५ ते ३ टक्के हा मला मध्यममार्ग वाटतो. ज्यांच्याकडे वेळ आणि ढवळण्याची चांगली सोय आहे, त्यांनी १ टक्क्यावर काम केले तरी हरकत नाही. एका परिस्थितीत मात्र निवड बरीच ठरलेली आहे. लहान मुलाच्या दाताचे मूळ पूर्ण वाढलेले नसेल, टोक उघडे असेल आणि तिथल्या मूळपेशी जिवंत ठेवून मूळ पुढे वाढू द्यायचे असेल, तर अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्स ही संस्था १.५ टक्के हायपो सुचवते. प्रत्येक पोकळीत ते २० मिलीलिटर, पाच मिनिटांत, हळूहळू सोडायचे असते. तिथे तीव्रता कमी ठेवण्याचे कारण त्या पेशी वाचवणे हे असते, आणि उघड्या टोकातून द्रव सहज बाहेर जाऊ शकते हे दुसरे कारणही त्यात आहेच.

बाटलीवरचा आकडा कायम खरा असतो, असेही मानू नये. हायपो उष्णता, प्रकाश आणि हवा यांनी आपोआप विघटित होते. विदर्भातल्या मे महिन्यात खिडकीशेजारच्या फळीवर, पारदर्शक बाटलीत, अर्धवट सैल झाकणाने ठेवलेले ५ टक्के हायपो काही आठवड्यांनी ५ टक्के राहत नाही. अपारदर्शक बाटली, घट्ट झाकण, थंड जागा आणि उघडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी एवढे पथ्य पाळावे लागते. पाणी मिसळून सौम्य केलेले द्रावण रोजच्या रोज करावे. हिशेब सोपा आहे: ५ टक्क्यांचे २.५ टक्के करायचे तर हायपो आणि शुद्ध पाणी समान घ्यायचे, आणि ३ टक्क्यांचे १ टक्का करायचे तर एक भाग हायपोला दोन भाग पाणी.

आता दुसऱ्या आणि अधिक मोलाच्या प्रश्नाकडे वळू. हायपो मुळाच्या टोकाबाहेर का जाते? ‘टोकाला भोक असते म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. ते भोक प्रत्येक दातात असते, तरीही बहुतांश दातांत काहीच होत नाही. उत्तर भूमितीत आहे, म्हणून एका दाताचे माप घेऊन ते पाहू.

समजा, वरच्या जबड्यातील दुसरी उपदाढ आहे. तिला एकच मूळ आणि एकच पोकळी आहे. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो, म्हणजे तिथले हाड झिजले आहे. कामाची लांबी, म्हणजे दाताच्या माथ्यावरील ठरावीक खुणेपासून पोकळीच्या शेवटापर्यंतचे अंतर, अॅपेक्स लोकेटर या मुळाचे टोक शोधणाऱ्या यंत्राने २० मिलिमीटर आले आणि एक्स-रेने त्याला दुजोरा दिला. मुळातील पोकळी यांतली शेवटची साधारण १४ मिलिमीटर आहे. फाईलने ती शेवटाला ०.३० मिलिमीटर रुंद आणि वर येताना दर मिलिमीटरला ०.०६ने रुंदावत जाणारी अशी घडवली. यालाच दंतवैद्य ‘३० नंबर, ६ टक्के टेपर’ म्हणतात. खरी पोकळी लंबगोल असते, पण हिशेबापुरती ती गोल धरू.

या पोकळीत द्रव किती मावते? शेवटाला ०.३० आणि वर १.१४ मिलिमीटर रुंदीच्या या निमुळत्या नळीचे आकारमान सुमारे ६ घन मिलिमीटर येते. दोन मिलीलिटरची सिरिंज घेतली, तर तिच्यात २,००० घन मिलिमीटर द्रव असते. म्हणजे एका सिरिंजमध्ये पोकळीच्या तीनशेपटींहून अधिक हायपो आहे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक थेंब आत जाऊन पुन्हा वर, तोंडाच्या बाजूला परत यायला हवा. परतीची वाट एकच: सुई आणि पोकळीची भिंत यांच्यामधली फट. ती फट मोकळी असेपर्यंत द्रव वर येते आणि सहायिकेच्या हातातली सक्शनची नळी ते ओढून घेते. ती बंद झाली की सिरिंजवरचा सगळा दाब मुळाच्या टोकाकडे लागतो.

ही फट किती असते ते मोजता येते. ३० गेजच्या सुईची बाहेरची जाडी साधारण ०.३१ मिलिमीटर असते. आपल्या पोकळीत शेवटापासून २ मिलिमीटर वर रुंदी ०.४२ मिलिमीटर आहे. म्हणजे सुई तिथवर जाते आणि भोवती थोडी फट शिल्लक राहते. आता २७ गेजची सुई घ्या, तिची जाडी सुमारे ०.४१ मिलिमीटर असते. शेवटापासून साधारण १.८ मिलिमीटरवर ती भिंतीत रुतते, आणि २ मिलिमीटरवर तिच्याभोवती जवळजवळ काहीच फट उरत नाही. वापरणाऱ्याला मात्र वाटते की आपण २ मिलिमीटर मागे आहोत, म्हणजे सुरक्षित आहोत. सर्वसाधारण इंजेक्शनच्या सिरिंजसोबत येणारी २४ गेजची सुई तर सुमारे ०.५६ मिलिमीटर जाडीची असते. ती साधारण ४.३ मिलिमीटर मागेच अडकते, आणि तिला अडकलेल्या स्थितीत ढकलले तर अपघाताला पुरेसे कारण तयार झालेले असते. फाईलचे काम अर्धवट झालेले असतानाही हेच घडते. टोकाला ०.२० मिलिमीटर आणि फक्त २ टक्के टेपर असलेल्या पोकळीत ३० गेजची सुईसुद्धा सुमारे ५.५ मिलिमीटर आधीच रुतते. म्हणून सुरुवातीला सुई वरच्या भागातच ठेवायची आणि पोकळी रुंदावत जाईल तशी ती खाली न्यायची, असा क्रम आहे. तोंडी सांगितलेल्या नियमांपेक्षा ही चार-पाच मापे कागदावर मांडून पाहिली की विद्यार्थ्यांच्या लक्षात लवकर येते, असा माझा अनुभव आहे.

आकड्यांची खात्री हातालाही करता येते. सुईवर रबराचा लहान स्टॉपर चढवून तो कामाच्या लांबीपेक्षा २ मिलिमीटर कमी, म्हणजे आपल्या उदाहरणात १८ मिलिमीटरवर लावतात. द्रव न सोडता सुई हलकेच आत नेतात. १८च्या आधी ती कुठे अडली, तर तिथून १ ते २ मिलिमीटर मागे घेतात. मग द्रव सोडताना सुई सतत वर-खाली हलती ठेवतात. हलती सुई रुतलेली नाही, याची ती हालचालच साक्ष असते. सिरिंज फिरकीने घट्ट बसणाऱ्या तोंडाची, म्हणजे लुअर लॉक असावी, नाहीतर दाबाने सुई निघून हायपोचा फवारा चेहऱ्यावर उडतो. दट्ट्या अंगठ्याने दाबण्याऐवजी तर्जनीने दाबायला आम्ही शिकवतो, कारण अंगठ्याचा जोर नकळत जास्त पडतो. वेग असा ठेवावा की २ मिलीलिटरला अर्धा मिनिट लागेल. दट्ट्या घट्ट लागला, तर जोर वाढवायचा नाही. हात थांबवून सुई मागे घ्यायची.

सुईच्या टोकाचा प्रकारही पाहावा लागतो. साध्या सुईचे तोंड पुढे उघडे असते, त्यामुळे तिच्यातून निघणारी धार थेट मुळाच्या टोकाकडे जाते. पोकळ्या धुण्यासाठीच्या खास सुयांचे टोक बंद असते आणि भोक बाजूला असते, त्यामुळे टोकाकडे पडणारा दाब कमी राहतो. पण याची किंमत मोजावी लागते. बाजूच्या भोकातून निघालेले द्रव सुईच्या टोकापुढे जेमतेम १ ते दीड मिलिमीटरच ताजे होते. म्हणजे सुई फार मागे ठेवली तर शेवटचा, सगळ्यांत महत्त्वाचा भाग धुतलाच जात नाही, आणि फार पुढे नेली तर धोका वाढतो. त्यात शेवटच्या भागात हवेचा बुडबुडा अडकून बसला तर द्रव तिथे पोचतच नाही. या पेचातून निघण्याचा मार्ग सुई आणखी खाली ढकलणे हा नसतो. आधीच पोचलेले द्रव ढवळणे हा असतो. पोकळीत नीट बसणारा गट्टा-पर्चाचा, म्हणजे मूळ भरण्याच्या रबरासारख्या पदार्थाचा, शंकू हायपोत बुडवून २-३ मिलिमीटरच्या अंतराने भरभर वर-खाली केला, तरी बुडबुडा फुटतो आणि द्रव फाट्यांमध्ये शिरते. अल्ट्रासोनिक टोक असेल तर ते काम आणखी चांगले करते. शंकू मात्र शेवटापर्यंत रुतवून पिस्टनसारखा दाबायचा नाही.

आपल्या उदाहरणातील उपदाढ मी मुद्दाम निवडली. १९८०च्या दशकापासून प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांत आणि २००८ मध्ये अमेरिकेतील रूट कॅनाल तज्ज्ञांच्या पाहणीत असे दिसले की हे अपघात खालच्या दातांपेक्षा वरच्या दातांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक नोंदले गेले, आणि ज्या दातांचा गाभा मेलेला असून एक्स-रेवर डाग होता, त्यांच्यात ते जास्त होते. त्या पाहणीला उत्तर देणाऱ्या ३१४ तज्ज्ञांपैकी १३२ जणांनी आपल्या कारकिर्दीत असा एक अपघात झाल्याचे सांगितले. म्हणजे हे केवळ नवशिक्यांच्या हातून घडत नाही. वरच्या मागच्या दातांची मुळे सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, त्यांच्यावरचे हाड पातळ असते, आणि डागाच्या जागी तर ते झिजलेलेच असते. काही वेळा मुळाचे टोक गालाच्या बाजूच्या हाडातून बाहेर डोकावते. अशा ठिकाणी द्रवाला अडवणारे काही उरत नाही.

अपघातानंतर चेहऱ्यावर उमटणारा निळा डाग दाताजवळ न राहता डोळ्याखाली आणि कधी मानेपर्यंत का जातो, याचे एक स्पष्टीकरण मला पटण्यासारखे वाटते. हायपो ऊतींमध्ये नुसते पसरत नाही, तर टोकाजवळच्या बारीक शिरेत शिरते आणि चेहऱ्याच्या शिरांच्या वाटेने प्रवास करते. मोठ्या शिरांमधील दाब अगदी कमी असतो, विश्रांतीच्या स्थितीत साधारण २ ते ८ मिलिमीटर पारा. रुतलेल्या सुईमागची सिरिंज याच्या कितीतरी पट दाब सहज निर्माण करते. हाच हिशेब हेही सांगतो की द्रव १ टक्क्याचे असो की ५ टक्क्यांचे, ते बाहेर ढकलणारा दाब सारखाच असतो. तीव्रता कमी केल्याने इजेचे स्वरूप सौम्य होईल, अपघाताची शक्यता मात्र तेवढीच राहील.

अपघात झाला की तो ओळखू येतो, आणि बहुधा काही सेकंदांतच. आपली उपदाढ पुन्हा घेऊ. भूल दिलेली असल्यामुळे अर्धा तास शांत बसलेली रुग्ण अचानक खुर्चीत उसळते आणि गालात, डोळ्याखाली आग होते म्हणून हात वर करते. भूल असूनही होणारी तीव्र, जळजळीत वेदना ही पहिली खूण. पोकळीतून भळभळ रक्त येऊ लागते, ही दुसरी. गाल पाहता पाहता फुगतो, ही तिसरी. सायनसमध्ये गेले असेल तर नाकात आणि घशात क्लोरीनचा वास व चव जाणवते, आणि तेव्हा सूज फारशी नसूही शकते. पुढच्या काही तासांत ओठ आणि डोळ्याभोवती निळसर-जांभळे डाग उमटतात. हे सगळे एकाच प्रमाणात दिसेल असे नाही. थोडेसे द्रव बाहेर गेले असेल तर केवळ दुखणे आणि किरकोळ सूज एवढ्यावर भागते.

त्या क्षणी डॉक्टरने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे हायपो बंद करून सुई बाहेर काढणे, आणि दुसरी, रुग्णाला खरे सांगणे. ‘‘ताई, धुण्याचे औषध मुळाच्या टोकाबाहेर गेले आहे, सूज येईल, निळे डाग पडतील, घाबरू नका, आम्ही काळजी घेतो,’’ एवढे साधे वाक्य पुरते. जे न सांगता रुग्णाला घरी धाडतात त्यांचा रुग्ण संध्याकाळी आरशात स्वतःचा चेहरा पाहून हादरतो, आणि पुढचा सगळा विश्वास तिथेच संपतो. पोकळीतून येणारे रक्त अडवायचे नाही, ते वाहू द्यायचे, कारण त्यासोबत द्रवही बाहेर पडते. ते उच्च क्षमतेच्या सक्शनने ओढून घ्यायचे. पोकळी सलाइनने अगदी हलक्या हाताने धुता येते, पण दाब देऊन नाही. त्या दिवशी मुळे भरण्याची घाई करायची नाही. वेदनेसाठी दीर्घकाळ टिकणारी भूल आणि गोळ्या द्यायच्या. पहिल्या दिवशी गालावर थोडा थोडा वेळ थंड शेक, आणि दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक. मृत झालेल्या ऊतींत जंतुसंसर्गाचा धोका दिसला तर प्रतिजैविके, आणि सूज मोठी असेल तर स्टिरॉइड, हे निर्णय रुग्ण पाहूनच घ्यायचे असतात.

घरी पाठवताना रुग्णाला धोक्याच्या खुणा लिहून द्याव्यात. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होणे, सूज मानेकडे उतरणे, डोळा बंद होणे किंवा दिसण्यात फरक पडणे, ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता जबड्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. खालच्या दातांच्या अपघातात जबड्याच्या चेतातंतूला इजा होऊन ओठ बधिर राहू शकतो, म्हणून भूल उतरल्यावरही बधिरपणा आहे का, हे दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारावे. बहुतेक रुग्णांत सूज आणि डाग दोन ते चार आठवड्यांत ओसरतात; चेतातंतूचा बधिरपणा मात्र महिनोन्महिने राहू शकतो आणि क्वचित कायमचा.

सगळेच अपघात मुळाच्या टोकातून होत नाहीत. काही अगदी टेबलावर घडतात, आणि ते टाळणे सर्वांत सोपे असल्यामुळे मला त्यांचाच जास्त राग येतो. हायपो भुलीच्या औषधासारखेच रंगहीन दिसते. ते इंजेक्शनच्या तशाच सिरिंजमध्ये भरून ठेवले, किंवा भुलीच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले, आणि कोणी ते भूल समजून हिरडीत टोचले, अशी प्रकरणे दंतवैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. त्यांत टाळूच्या किंवा हिरडीच्या ऊती मरून गळून पडतात. हायपोसाठी वेगळ्या रंगाच्या खुणेची, चिठ्ठी लावलेली सिरिंज, आणि ती भुलीच्या ट्रेवर कधीही न ठेवणे, एवढ्याने हा धोका संपतो. दुसरा टाळता येणारा प्रकार रबर डॅमशी संबंधित आहे. दाताभोवती ताणून बसवलेला हा रबराचा पातळ पडदा हायपो घशात, हिरडीवर आणि जिभेवर जाऊ देत नाही. तो दातालगत सैल असेल तर तिथून द्रव झिरपते आणि ओठाच्या आतल्या बाजूला भाजल्यासारखा पांढरा चट्टा उठतो, म्हणून फट सीलंटने बुजवतात. डोळ्यांवर चष्मा डॉक्टर, सहायिका आणि रुग्ण तिघांच्याही असावा. डोळ्यात हायपो उडाले तर लगेच स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने किमान १५ मिनिटे धुवावे आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

आणखी एक गोंधळ इथेच नोंदवतो. पोकळीत हायपो असतानाच क्लोरहेक्सिडिन घातले तर तपकिरी-नारिंगी साका तयार होतो, तो भिंतींना चिकटून छोट्या वाटा बुजवतो. फाईलच्या भुशाचा थर काढायला १७ टक्के ईडीटीए लागते, पण ते हायपोत मिसळले तर हायपोचे क्लोरीन खर्च करून टाकते. म्हणून क्रम असा ठेवतात: मुख्य धुलाई हायपोने, शेवटी ईडीटीए साधारण एक मिनिट, मग पुन्हा थोडे हायपो. क्लोरहेक्सिडिन वापरायचेच असेल, तर त्याआधी सलाइन किंवा शुद्ध पाण्याने पोकळी नीट धुवून घेतात.

अपघात झालेला दात वाया जात नाही. आपल्या उदाहरणातील रुग्ण साधारण दोन आठवड्यांनी, सूज पूर्ण ओसरल्यावर परत येते. त्या वेळी कामाची लांबी पुन्हा मोजतात, कारण पहिल्या वेळी ती चुकली असण्याची शक्यता असते आणि तसे असेल तर स्टॉपरही चुकीच्या जागी होता. टोकाजवळ फाईलने पोकळी फाटली नाही ना, हेही पाहतात. मग ३० गेजची बंद टोकाची सुई नव्या लांबीपेक्षा ३ मिलिमीटर मागे ठेवून सौम्य हायपो, किंवा डॉक्टरच्या मनात शंका असेल तर केवळ सलाइन आणि क्लोरहेक्सिडिन वापरून धुलाई पुरी करतात, आणि मूळ गट्टा-पर्चाने भरतात.